आट्यांतून पाझरणारा थेंब

आंबेनळी घाटाच्या उतारावर टाकी नळापेक्षा 30 मीटर उंच असेल, तर जोडावर चौरस सेंटिमीटरला सुमारे 3 किलो दाब येतो. आट्यांतून थेंब पाझरला की हात पान्याकडे जातो. पण जास्त आवळल्यास प्लॅस्टिकचा एल्बो उभा तडकतो. म्हणून आधी जोड कोरडा पुसून थेंब आट्यांतून येतो की चिरेतून, ते पाहा. चीर असेल तर एल्बोच बदला.

नाहीतर पाणी बंद करून जोड उघडा, जुनी टेप काढा. पहिला आटा मोकळा सोडून, आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून, टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने ताणून चार-पाच वेढे द्या. उलटी गुंडाळलेली टेप आवळताना सुटते. हाताने घट्ट बसवून पान्याने एक-दीड फेराच द्या. एल्बोची दिशा चुकली तरी मागे फिरवू नका. टेप फाटते, ती नव्यानेच लावावी लागते.