सरासऱ्यांमधलं अंतर मोजायचं कशाने?

संख्याशास्त्रज्ञ वापरतात त्या ‘आर’ प्रणालीत `PlantGrowth` नावाची एक छोटीशी सारणी आयती मिळते. तीस रोपं, दहा-दहाचे तीन गट. एका गटाला काहीच वेगळं दिलेलं नाही, उरलेल्या दोघांना दोन निरनिराळ्या प्रक्रिया दिल्या आहेत. शेवटी रोपं वाळवून वजनं केली, तेव्हा सरासऱ्या आल्या ५.०३, ४.६६ आणि ५.५३. हा फरक प्रक्रियांचा म्हणायचा की योगायोगाचा? एकाच वाफ्यातल्या तीस रोपांचे चिठ्ठ्या टाकून तीन ढीग केले, तरी त्यांच्या सरासऱ्या तंतोतंत जुळणार नाहीतच.

आता पहिल्या, काहीच न दिलेल्या गटाकडे पाहा. तिथलं सर्वांत हलकं रोप ४.१७ भरलं आणि सर्वांत जड ६.११. सारखीच वागणूक मिळूनही १.९४ चा फरक! उलट तिन्ही सरासऱ्यांमधलं मोठ्यात मोठं अंतर जेमतेम ०.८७. मग प्रक्रियांचा फरक रोपारोपांच्या फरकात बुडालाच, असं कुणालाही वाटेल. पण इथे आपण एका रोपाच्या चढउताराशी दहा रोपांच्या सरासरीचा चढउतार ताडून पाहतोय. सरासरीत एखादं जड रोप एखाद्या हलक्याला सांभाळून घेतं, त्यामुळे ती रोपापेक्षा खूपच कमी हलते. किती कमी, तेही ठाऊक आहे. चढउतार व्हेरिअन्सने मोजला, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून त्यांची बेरीज आकड्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी संख्येने भागली, तर दहा रोपांच्या सरासरीचा व्हेरिअन्स एका रोपाच्या व्हेरिअन्सच्या बरोबर एक दशांश असतो. सगळी युक्ती या एक दशांशात आहे.

कारण एकाच गोष्टीचा अंदाज आता दोन वाटांनी करता येतो. पहिली वाट गटाच्या आतून जाते. तिन्ही गटांचे व्हेरिअन्स वेगवेगळे काढले तर ०.३४, ०.६३ आणि ०.२० येतात, त्यांची सरासरी ०.३९. दुसरी वाट सरासऱ्यांवरून जाते. तीन सरासऱ्यांचा आपसातला व्हेरिअन्स ०.१८८ आहे. प्रक्रियांचा काहीच परिणाम नसेल, तर हा आकडा रोपाच्या व्हेरिअन्सचा एक दशांश असायला हवा. म्हणून त्याला दहाने गुणायचं. आले १.८८.

परिणाम नसता तर दोन्ही वाटा साधारण एकाच ठिकाणी पोचल्या असत्या आणि भागाकार एकाच्या आसपास राहिला असता. इथे १.८८ ला ०.३९ ने भागल्यावर येतात सुमारे ४.८५. हाच ‘एफ’. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांवर काम करताना ही पद्धत घडवली, आणि १९३४ साली अमेरिकेतल्या जॉर्ज स्नेडेकर यांनी त्यांच्या आडनावाचं आद्याक्षर या गुणोत्तराला दिलं.

भागाकारच का, हे मला यातलं सर्वांत देखणं वाटतं. समजा, एखाद्या प्रक्रियेने गटातल्या प्रत्येक रोपाचं वजन अर्ध्याने वाढवलं, म्हणजे ५ चं ५.५ झालं आणि ६ चं ६.५. गटाची सरासरी तेवढीच वर सरकते, पण रोपांची आपसातली अंतरं जशीच्या तशी राहतात. म्हणजे छेदाला प्रक्रियेचा पत्ताच लागत नाही. फक्त अंश फुगतो. छेद निव्वळ नैसर्गिक चढउतार सांगतो, अंश तोच चढउतार अधिक प्रक्रियेचा परिणाम सांगतो. शिवाय वजनं ग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये मांडली, तरी भागाकार बदलत नाही.

४.८५ हे मोठं आहे का? परिणाम नसतानाही एवढं किंवा याहून मोठं गुणोत्तर हजारात साधारण सोळा वेळा येईल, असं तक्ता सांगतो. ‘परिणाम नसण्याची शक्यता हजारात सोळा’ असा त्याचा अर्थ मात्र नव्हे. ही गल्लत वारंवार होते. हिशोबाला एक पक्की अटही आहे: दहा वजनं दहा स्वतंत्र रोपांची हवीत. एकाच कुंडीतली दहा रोपं एकच माती, एकच पाणी वाटून घेतात. ती एकमेकांसारखी होतात, छेद आक्रसतो आणि कुंडीचा गुण प्रक्रियेच्या नावावर जमा होतो.

आणि ‘एफ’ फक्त एवढंच म्हणतो की तिन्ही गट सारखे दिसत नाहीत. कोणता कोणापासून वेगळा, हे त्याला विचारता येत नाही. त्यासाठी टुकी यांच्या पद्धतीने जोड्या तपासल्या, तर या सारणीत फक्त दोन प्रक्रिया एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या निघतात. काहीच न दिलेल्या रोपांपासून मात्र दोघींपैकी एकही ठामपणे वेगळी ठरत नाही.