दुकानातील डिजिटल व्यवहार : एका लघुप्रबंधाचा प्रस्ताव

एम.बी.ए.च्या विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाच्या अखेरीस बहुधा लघुप्रबंध सादर करावा लागतो. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी किरकोळ दुकानदारांनी डिजिटल व्यवहार कितपत स्वीकारले, हा विषय त्यास सोपा वाटतो. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली आणि पुढे गल्ल्याशेजारी क्यूआरचा फलक लागला. परंतु फलक लागणे म्हणजे स्वीकार होणे नव्हे. म्हणून ‘आठवड्याच्या विक्रीपैकी किती व्यवहार रोखीने, किती मोबाइलवर व किती उधारीवर होतात’ हे प्रस्तावाचे पहिले उद्दिष्ट असावे. हे प्रमाण दुकानागणिक का बदलते, हे दुसरे. ‘विक्रीवरील परिणाम’ हे आवडते उद्दिष्ट मात्र वगळावे, कारण पूर्वीच्या विक्रीची तुलनायोग्य नोंद लहान दुकानात सहसा मिळत नाही.

खरी कसोटी नमुना निवडताना लागते. जीएसटीच्या यादीत लहान दुकाने सापडत नाहीत, कारण केवळ माल विकणाऱ्यास सामान्यतः वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. २०१७ च्या दुकाने अधिनियमानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने केवळ सूचना द्यावयाची असते. ओळखीच्या दुकानदारांनी सुचविलेली नावे घेतली, तर मोबाइल वापरणारेच हाती लागतात आणि न वापरणारा निसटतो. तेव्हा बाजारपेठेतून पायी फिरून किराणा, कापड, औषधे, कृषी सेवा केंद्र अशी प्रकारवार यादी विद्यार्थ्यानेच करावी, हे उत्तम.

समजा, यादीत ५०० दुकाने आली. दहा टक्के त्रुटी मान्य केल्यास यामाने यांच्या सूत्राने ५०० भागिले ६, म्हणजे सुमारे ८४ दुकाने पुरतात. नकार गृहीत धरून १०० घ्यावीत. पहिल्या पाचांतून चिठ्ठीने एक काढून पुढे प्रत्येक पाचवे दुकान घेतले की सर्व प्रकार आपोआप प्रमाणात येतात. दुकान बंद असल्यास पुन्हा जावे. शेजारचे घेऊ नये.

प्रत्येक दुकानात तीन रकान्यांचा तक्ता सात दिवस ठेवावा आणि त्या सप्ताहात आठवडी बाजाराचा दिवस यावा. तक्त्यात रकमा नकोत, केवळ रेघा. उत्पन्न उघड होण्याची भीती त्यामुळे कमी होते. जुनी उधारी मोबाइलवर फेडली गेली, तर ती विक्रीत धरू नये, अन्यथा एकच व्यवहार दोनदा मोजला जाईल. मुलाच्या वैयक्तिक खात्यात घेतलेले पैसे मात्र मोबाइलच्याच रकान्यात येतील.

सोळा आठवड्यांपैकी दोन यादीस, एक दहा दुकानांतील चाचणीस, सहा माहिती गोळा करण्यास, चार पडताळणी व विश्लेषणास आणि तीन लेखनास द्यावेत. दिवाळी व सोयाबीन विक्रीचा हंगाम टाळावा. ते आठवडे नेहमीसारखे नसतात. तक्त्यात सातही दिवस सारख्याच रेघा दिसल्या, तर तो शेवटच्या संध्याकाळी एका बैठकीत भरला असण्याचा संभव मोठा. असा तक्ता बाजूस ठेवून त्याच दुकानात नवा द्यावा.