एकच मिथेन, दोन उत्तरं आणि मधले ८८ किलोज्यूल

बारावीच्या रसायनशास्त्राच्या वर्कशीटवर एक प्रश्न हमखास सापडतो. मिथेन जळताना एन्थाल्पीत होणारा बदल आधी निर्मिती-एन्थाल्पीच्या तक्त्यावरून काढा, मग बंधऊर्जेच्या तक्त्यावरून काढा आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहा. पहिली दोन कामं सगळेच करतात. तिसऱ्याच्या वाट्याला फारसं कुणी जात नाही. उत्तरं जुळली नाहीत, की ‘बंधऊर्जा सरासरी असते म्हणून फरक येतो’ एवढं लिहून पान उलटलं जातं. खरं रसायनशास्त्र मात्र त्या तिसऱ्या कामातच आहे.

पाइपने स्वयंपाकघरात येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. (सिलिंडरमधला वेगळा, तो प्रोपेन आणि ब्युटेन.) तो जळतो तेव्हा असं होतं:

CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O

स्थिर दाबाला एखाद्या अभिक्रियेत जेवढी उष्णता आत किंवा बाहेर जाते, तेवढाच तिच्या एन्थाल्पीतला बदल. उष्णता बाहेर पडली तर उत्तर ऋण येतं. इथे ते ऋण येणार हे शेगडीपाशी उभं राहणाऱ्याला ठाऊकच आहे. प्रश्न आहे तो किती, एवढाच.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक पदार्थाला एक आकडा दिलेला असतो. तो पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून बनवला तर एका मोलमागे एन्थाल्पी किती बदलेल, याचा हा आकडा. मूलद्रव्यं २५ अंश सेल्सिअसला नेहमीच्या स्थिर रूपात धरायची, म्हणजे कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात आणि ऑक्सिजन वायुरूपात, आणि त्यांना शून्य द्यायचं. डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात तशी ही सोय आहे. दोन शिखरांमधला फरक काढताना समुद्र गाठावा लागत नाही. मधल्या वाटेने फरक पडत नाही, हे जर्मेन हेस यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये उष्णता मोजून १८४० साली मांडलं. हा सारा हिशेब त्यांच्याच नियमावर उभा आहे.

तक्त्यात मिथेनसमोर −७४.८, कार्बन डायऑक्साइडसमोर −३९३.५ आणि पाण्यासमोर −२८५.८ किलोज्यूल प्रतिमोल असं असतं. तयार झालेल्यांच्या बेरजेतून मूळ पदार्थांची बेरीज वजा करायची. पाण्याचे दोन मोल आहेत, म्हणून −५७१.६. कार्बन डायऑक्साइड धरून बेरीज −९६५.१. तीतून −७४.८ वजा करणं म्हणजे ७४.८ मिळवणं. उत्तर −८९०.३. एखाद्याच्या वहीत −१०४० च्या आसपास उत्तर दिसलं, तर वरच्या ओळी न वाचताही सांगता येतं, की त्याने वजाच्या पुढचा वजा गिळला.

दुसरी पद्धत रेणूंच्या आत शिरते. आधी सगळे बंध तोडून अणू सुटे करायचे, त्याला ऊर्जा लागते. मग त्याच अणूंचे नवे बंध जोडायचे, तेव्हा ऊर्जा सुटते. मिथेनमधले कार्बन-हायड्रोजनचे चार बंध प्रत्येकी ४१३ धरून १६५२ होतात. ऑक्सिजनच्या दोन रेणूंचे दोन दुहेरी बंध प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. तोडण्याचा खर्च २६४८. जोडताना कार्बन डायऑक्साइडमधले दोन बंध प्रत्येकी ७९९ आणि पाण्यातले चार प्रत्येकी ४६३, एकूण ३४५०. इथे तोडलेल्यांतून जोडलेले वजा करायचे: −८०२. क्रम पहिल्या पद्धतीच्या उलटा आहे, म्हणून हमखास घोटाळा होतो आणि उत्तर +८०२ येतं. तसं असतं तर गॅस पेटवल्यावर शेगडी गार पडली असती.

तर एक उत्तर −८९०, दुसरं −८०२. मधले ८८ किलोज्यूल सरासरीच्या माथी मारायचे नाहीत. बंधऊर्जा वायुरूपातल्या रेणूंसाठीच मोजलेली असते, तिला द्रव पाणी ठाऊकच नाही. पहिल्या हिशेबातलं −२८५.८ मात्र द्रव पाण्याचं होतं. वाफेचा आकडा आहे −२४१.८. दोहोंतला फरक ४४, आणि दोन मोलचे ८८. पहिल्या गणितात वाफ धरून पाहिली, तर उत्तर −८०२.३ येतं. फरक मिटला. हे नुसतं कागदावरचं नाही. आपल्या शेगडीवरून पाणी वाफ होऊनच निघून जातं, त्यामुळे ते ८८ किलोज्यूल भांड्याला मिळत नाहीत. थंड देशांत घरं तापवायला असे बॉयलर वापरतात, की ज्यांत ही वाफ मुद्दाम थंड करून तिचं पाणी करतात आणि ती उष्णता पदरात पाडून घेतात.

आता दुसरा सापळा. बऱ्याच तक्त्यांत कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधासमोर ७४५ असतं आणि ७९९ शेजारी बारीक अक्षरात, ‘कार्बन डायऑक्साइडमध्ये’ अशा शेऱ्यासह. घाईत ७४५ घेतलं, की उत्तर −६९४ येतं, १०८ किलोज्यूल कमी. ७४५ हा ॲसिटोनसारख्या संयुगांतल्या बंधाचा आकडा आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन एकाच कार्बनला धरून असतात आणि इलेक्ट्रॉन साऱ्या रेणूभर पसरतात, त्यामुळे तिथला बंध अधिक घट्ट असतो.

मग ८०२ शी ८०२ इतकं तंतोतंत कसं जुळलं? खरं तर थोडं नशिबाने. मिथेनचे चारही बंध तोडायला १६६३ किलोज्यूल लागतात, म्हणजे बंधामागे ४१६. पुस्तकातले ४१३ ही अनेक संयुगांची सरासरी. मिथेनपुरतंही ४१६ सरासरीच: पहिला हायड्रोजन काढायला ४३९ लागतात आणि शेवटच्याला सुमारे ३३८ पुरतात. तिकडे कार्बन डायऑक्साइडचा प्रत्येक बंध खरं तर ८०४ च्या घरात जातो, ७९९ नव्हे. म्हणजे तोडण्याकडे सुमारे ११ कमी धरले गेले आणि जोडण्याकडे जवळपास तितकेच. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. त्यातली एकच दुरुस्त करून मिथेनचा अचूक ४१६ घेतला, तर उत्तर −७९० होतं, आधीपेक्षा वाईट! म्हणून बंधऊर्जेवरून काढलेल्या उत्तराला दशांश चिन्हापुढचे आकडे लावणं मला ढोंग वाटतं. दहा-वीस किलोज्यूलची ओढाताण त्यात असतेच.

फरक त्याहून बराच मोठा आला आणि अवस्था, आकडे, चिन्हं सगळं तपासूनही टिकला, तर मात्र थांबून पाहावं. सायक्लोहेक्झीनमधल्या एका दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवला, की सुमारे १२० किलोज्यूल सुटतात. बेंझीनच्या चित्रात असे तीन बंध काढलेले असतात, म्हणून ३६० सुटायला हवेत. प्रत्यक्षात २०८ च सुटतात. हे १५२ कुणाच्या गणितात चुकलेले नाहीत. चित्रातल्यासारखे तीन वेगळे दुहेरी बंध बेंझीनमध्ये नसतातच. इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांवर सारखे पसरलेले असतात, आणि रेणू त्या चित्रापेक्षा तेवढा अधिक स्थिर असतो. ब्रोमीनचं पाणी साध्या अल्कीनमध्ये चटकन रंगहीन होतं आणि बेंझीनमध्ये तसं होत नाही, त्यामागे ही स्थिरताच आहे.