‘फक्त 4,999 पासून’ या ओळीचं काय करायचं?

घरून काम करायचा कंटाळा आलेले फ्रीलान्सर, तिघाचौघांची नवी कंपनी, नोकरी बंगळुरूची पण घर पुण्यात असलेली माणसं, असे सगळे हल्ली बाणेर-कोथरूडकडच्या को-वर्किंग जागांच्या दारात दिसतात. त्यातल्या बहुतेकांनी आधी त्या जागेचं सभासदत्वाचं पान वाचलेलं असतं आणि तरीही ते रिसेप्शनवर येऊन तेच विचारतात : ‘मला नेमके किती पडतील?’ पानावर फोटो असतात, ‘प्रीमियम वातावरण’ असतं, चहा-कॉफी असते. पण दोन प्लॅन शेजारी ठेवून कुठला घ्यावा हे ठरवायची सोय नसते.

असं एक पान दुरुस्त करायला घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. प्लॅन चार. दिवसापुरता डे पास, मिळेल त्या खुर्चीवर बसायचं हॉट डेस्क, स्वतःचं ठरलेलं टेबल म्हणजे डेडिकेटेड डेस्क, आणि केबिन. केबिनचा भाव माणसांच्या संख्येवर ठरतो, म्हणून ती तक्त्यातून काढून खाली एका ओळीत टाकायची. तिला तक्त्यात ठेवलं की तिच्या रकान्यात ‘संपर्क साधा’ एवढंच उरतं.

लिहायला बसण्याआधीचं काम रिसेप्शनवरचं आहे. आठवडाभर फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यायचं. ‘जीएसटी धरून का?’, ‘रविवारी उघडं असतं?’, ‘कुरिअर घ्याल का?’, ‘एक दिवस बसून बघू का?’ तक्त्याच्या ओळी या वहीतून येतात. मालकाच्या मनात जे आधी येतं त्यातून त्या काढल्या, तर पहिली ओळ इंटिरियरची होते.

आता भाव. जुन्या पानावर हॉट डेस्कखाली मोठ्या अक्षरांत ‘फक्त 4,999 पासून’ होतं. तो दर वर्षभराचा करार करणाऱ्यालाच, आणि जीएसटी वेगळा. महिन्या-महिन्याने घेणाऱ्याला खरा दर 6,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080, म्हणजे 7,080. शिवाय एका महिन्याचं डिपॉझिट 6,000. ज्याने 4,999 वाचून फोन केला, त्याला पहिल्या दिवशी 13,080 भरायचे आहेत. डेडिकेटेड डेस्कचा दर 8,500, जीएसटीसकट 10,030. महिन्याचा फरक तीन हजारांच्या आतच, पण डिपॉझिट दोन महिन्यांचं असल्यामुळे पहिल्या दिवसाची रक्कम 27,030 होते. म्हणून तक्त्यात भावाच्या तीन ओळी हव्यात : मूळ दर, जीएसटीसकट दर आणि पहिल्या दिवशी भरायची रक्कम. मूळ दर ठेवायचाच, कारण ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे तो कराची वजावट घेऊ शकतो आणि त्याच्या हिशेबाला तोच आकडा लागतो. वार्षिक सवलत खाली, बारा महिन्यांच्या अटीसकट.

आधी एक भाव दाखवायचा आणि पैसे भरताना त्यात भर घालत जायची, या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023च्या मार्गदर्शक सूचनांत ‘ड्रिप प्रायसिंग’ असं नावच दिलेलं आहे. तेव्हा हा प्रश्न निव्वळ शैलीचा राहिलेला नाही.

भावाखाली एक ओळ अशी घालावी, जी फार कमी ठिकाणी दिसते. डे पास 500, जीएसटीसकट 590. बारा डे पासचे 7,080 होतात, म्हणजे नेमकी हॉट डेस्कच्या महिन्याची रक्कम. मग सरळ लिहावं : ‘महिन्यात बारापेक्षा कमी दिवस येणार असाल तर डे पासच घ्या.’ मालक इथे हमखास अडखळतो, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणतो. पण सहा दिवस येऊन महिन्याचे पैसे भरणारा माणूस दुसऱ्या महिन्यात तसाही टिकत नाही.

वेळेच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ ‘24 तास’ या दोन शब्दांनी होतो. दार कार्डाने चोवीस तास उघडतं, हे खरं असतं. पण एसी संध्याकाळी सातला बंद होतो, रिसेप्शन सहाला उठतं, आणि हॉट डेस्कवाल्याचं कार्ड रात्री आठनंतर चालतच नाही. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्री काम करणाऱ्याला हे मे महिन्यात कळलं तर तो चिडणारच. म्हणून वेळेच्या तीन ओळी कराव्यात : प्रवेश, एसी, रिसेप्शन. प्रत्येकीत रविवार वेगळा लिहावा. वीज गेल्यावर जनरेटरवर काय चालतं तेही इथेच सांगावं, कारण बऱ्याच ठिकाणी दिवे आणि इंटरनेट चालू राहतात, एसी नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते हे माहीत असलेला माणूस ही ओळ आधी शोधतो.

सोयींच्या तक्त्यात जुन्या पानावर चौदा ओळी आणि बरोबरच्या खुणांची रांगोळी होती. त्यातल्या नऊ ओळींत सगळ्याच प्लॅनना खूण. वाय-फाय, चहा, पिण्याचं पाणी सगळ्यांनाच असेल तर त्याने तुलनेत भर पडत नाही, उलट खरा फरक त्यात बुडतो. त्या नऊ गोष्टी ‘सर्व प्लॅनमध्ये’ असं लिहून एका वाक्यात घ्यायच्या. उरलेल्या पाचांत खुणेऐवजी प्रमाण द्यायचं. ‘मीटिंग रूम’पुढची खूण काहीच सांगत नाही. ‘चार जणांची खोली, महिन्याला 4 तास; पुढे तासाला 400; न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत’ हे सगळं सांगतं. जे मिळत नाही तिथे रकाना कोरा ठेवू नये, ‘नाही’ लिहावं. कोरा रकाना वाचणारा आपल्या सोयीने भरतो.

ट्रायलचं आमंत्रण बहुधा मध्येच उघडणाऱ्या चौकटीत असतं आणि अटी कुठेच नसतात. तक्त्याची शेवटची ओळ तिच्यासाठी ठेवावी. हॉट डेस्कपुढे ‘एक दिवस मोफत, सोमवार ते शुक्रवार, आदल्या दिवशी कळवून, ओळखपत्रासह, मीटिंग रूम नाही’. डेडिकेटेडपुढे ‘मोफत दिवस नाही; डे पास घेऊन बसा, सात दिवसांत सभासद झालात तर 590 पहिल्या बिलातून वजा’. मोफत दिवसासाठी कार्डाचा तपशील मागू नये. त्याच मार्गदर्शक सूचनांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ या नावाखाली हाही प्रकार येतो.

एवढं झालं की पान फोनवर उघडून बघायचं, कारण बहुतेक लोक ते तिथेच वाचणार. फोनवर प्लॅन एकाखाली एक रचले जातात आणि तिसऱ्यापर्यंत पोचताना पहिल्याचा भाव विसरलेला असतो. त्यापेक्षा तक्ता आडवा सरकू द्यावा आणि ओळींच्या नावांचा डावा रकाना जागच्या जागी ठेवावा.

मग जागा न पाहिलेल्या कुणाला तरी पान देऊन एक गिऱ्हाईक सांगायचं : महिन्यात तेरा दिवस येणारी, रात्री नऊपर्यंत बसणारी बाई. डे पासने तिचे 7,670 होतात, हॉट डेस्कने 7,080. भाव हॉट डेस्क म्हणतो, पण ते कार्ड आठला बंद. तिला डेडिकेटेडच घ्यावं लागेल, नाहीतर आठला उठावं लागेल. हे उत्तर फोन न करता पानावरून निघालं तर तक्ता जमला. वाचणारा वर-खाली करत राहिला तर तो जिथे अडला ती ओळ पुन्हा लिहायची, अख्खं पान नाही.

आणि तुम्ही जागा शोधणाऱ्यांपैकी असाल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागून घ्या : पहिल्या दिवशी द्यायची पूर्ण रक्कम, आणि सोडताना किती दिवसांची नोटीस देऊन डिपॉझिट कधी परत मिळणार ते.