रात्री एक वाजता पाठवलेले चाळीस हजार

आजचा एपिसोड माझ्या पाकिटातून निघालाय. मागच्या वर्षी एका पार्टीनंतर रात्री एक वाजता कॉलेजच्या मित्राचा मेसेज आला, ‘भावा, अर्जंट ४०,००० टाक, परवा देतो.’ मी यूपीआय उघडलं, पिन टाकला, पाठवले. वर ‘तुझ्यासाठी काहीपण’ असंही लिहिलं. सकाळी आठवलं, ते घरभाड्याचे आणि हप्त्याचे पैसे होते.

गंमत म्हणजे भाड्याचं मला रात्रीही माहीत होतं. विसरलो नव्हतो. मग झालं काय?

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये याचं एक चांगलं स्पष्टीकरण मांडलं. दारूमुळे नजर जवळची होते. समोर चमकणारी गोष्ट, म्हणजे मित्राचा मेसेज, मोठी दिसते. पाच दिवसांनी द्यायचं भाडं धूसर होतं. शुद्धीत असताना मेंदू या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून तोलतो. हे काम कपाळामागच्या भागाचं, आणि दारू तिथलं काम मंदावते. काही प्रयोगांत असंही दिसलं की प्यायलेल्या माणसाला आपली चूक कळते, पण बोचत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर लॉगमध्ये येतो, अलार्म वाजत नाही.

एक्सला पाठवलेल्या मेसेजचंही हेच. तिची आठवण समोर असते, उद्याची लाज लांब असते.

आता थोडा हिशोब. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम संपवतं. म्हणजे एका पेगला दोन-तीन तास. मी नऊ ते साडेअकरामध्ये तीन घेतले होते, म्हणजे ६० ग्रॅम. एक वाजेपर्यंत निम्मं किंवा थोडं जास्त उतरलं होतं. पण चढताना जेवढी जाणवते तेवढी उतरताना जाणवत नाही, त्यामुळे ‘मी एकदम ओके आहे’ असं वाटत होतं. लिंबूपाणी किंवा कॉफी पिऊनही हा वेग वाढत नाही. झोप जाते, एवढंच.

याची दुसरी बाजू मला जास्त आवडली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुणांच्या हातावर एड्सच्या धोक्याचा शिक्का मारला होता. असा शिक्का असलेल्यांपैकी प्यायलेले लोक असुरक्षित संबंधांबाबत न प्यायलेल्यांपेक्षा जास्त सावध निघाले! कारण आता डोळ्यांसमोर धोकाच होता. जवळची नजर त्यालाच चिकटली.

अर्थात, असा शिक्का समोर नसेल तर उपयोग नाही, आणि गाडी चालवायला तर तो मुळीच पुरत नाही, कारण तिथे हात आणि डोळेही मंदावलेले असतात.

पार्टीच्या दिवशी माझ्या लॉक स्क्रीनवर आता एकच ओळ असते: ‘भाडं १ तारखेला, २२,०००.’ मित्राने पैसे दिले, सात हप्त्यांत. त्या महिन्याचं भाडं आईकडून घेतलं, आणि तिला कारण काय सांगितलं ते या एपिसोडमध्ये सांगणार नाही.