फूल, फुलाला आणि हापीस

आमच्या शेजारची पाचवीतील एक मुलगी परवा शुद्धलेखनाची वही घेऊन आमच्याकडे आली. दादरला आमच्या बिऱ्हाडी शिकवणी नसली तरी निवृत्त मास्तराकडे मुले येतच असतात. तिने 'फुलाला' बरोबर लिहिले होते, पण 'फूल' हा शब्द 'फुल' असा लिहिल्यामुळे अर्धा गुण गेला होता. "आजोबा, फूल तेच, मग उकार एकदा दुसरा आणि एकदा पहिला का?" असा तिचा प्रश्न होता. तीस वर्षे मुलांच्या वह्यांवर आम्ही ह्याच चुकीसाठी तांबडी शाई सांडली. परंतु हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही स्वतःस विचारला नाही.

संस्कृत टीकाकार विशेषणांचे दोन प्रकार मानतात. 'निळे कमळ' म्हटले म्हणजे पांढरी, तांबडी कमळे वगळली जातात. हे विशेषण व्यावर्तक होय. 'उष्ण अग्नी' म्हटल्याने मात्र काहीच वगळले जात नाही, कारण थंड अग्नी नाहीच. स्वरांच्या लक्षणांचेही तसेच आहे. काही लक्षणे एका स्वरास दुसऱ्यापासून वेगळे करतात. काही केवळ त्यांच्यामागून चालत येतात. ह्या दुसऱ्यांस आपण अनुषंगी म्हणू. ती उच्चारात असतात. पण वर्णनात त्यांची जागा कोरी ठेवली तरी चालते, कारण ती एका नियमाने केव्हाही भरून काढता येते.

आता मराठीचे घरचे स्वर घ्यावेत. ह्रस्व-दीर्घाची भानगड क्षणभर बाजूस ठेवली तर ते सहाच उरतात : इ, उ, ए, अ, ओ, आ. 'इ' म्हणताना जीभ पुढे असते व ओठ पसरट असतात. 'उ' म्हणताना जीभ मागे जाते व ओठ गोल होतात. दोन्हींत जीभ वर उचललेली असते. अशा उंच जिभेच्या स्वरांत 'ओठ गोल' एवढे सांगितले की जीभ मागे असणार हे सांगावयास नको, आणि उलटही तितकेच खरे. दोहोंपैकी एक लक्षण पुरे. तुर्की भाषेत मात्र असे उंच स्वर चार आहेत. तेथे जीभ पुढे ठेवून ओठ गोल करतात, आणि जीभ मागे नेऊन ओठ पसरटही ठेवतात. तेथे एका लक्षणावर भागणार नाही.

मराठीतही एक पायरी खाली उतरताच हिशेब बदलतो. पेट, पट, पोट हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावे. 'ए' आणि 'अ' ह्यांत ओठ दोन्हीकडे सुटेच असतात, फरक जिभेचा. 'अ' आणि 'ओ' ह्यांत मुख्य फरक ओठांचा. येथे 'अ' मध्ये बसल्यामुळे दोन्ही लक्षणे सांगावी लागतात. तळाशी 'आ' एकटाच. तोंड पूर्ण उघडे एवढे म्हटले की तो ओळखला. जीभ पुढे की मागे, ओठ गोल की सुटे, ह्या रकान्यांत काही लिहिण्याची गरज नाही. म्हणजे तेच लक्षण एका पायरीवर व्यावर्तक, तर दुसरीवर अनुषंगी ठरते. त्याचा निर्णय शेजारी कोण आहे ह्यावर होतो.

हा केवळ कागदावरील काटकसरीचा खेळ आहे अशी शंका वाचकांस येईल. आम्हांसही आली होती. तिचे निरसन आमच्या आजीच्या बोलण्याने केले. ती 'ऑफिस'ला 'हापीस' म्हणे, 'कॉपी'ला 'कापी' आणि 'डॉक्टर'ला 'डाक्तर'. तिचे कान काही अधू नव्हते. इंग्रजीतल्या ह्या स्वराला ओठ गोल होतात, पण तिच्या भाषेत तोंड उघडून म्हणावयाच्या स्वरात ओठांचा रकाना कोराच होता. जे लक्षण काही वगळत नाही त्याकडे कान लक्ष देत नाही. म्हणून गोलाई गळाली आणि 'आ' उरला. 'बँक' ह्या शब्दाचे याहून नवल. तेथे स्वर तळचा, पण जीभ पुढे. पुढेपणा ठेवावयास 'आ'पाशी जागा नव्हती. तेव्हा लोकांनी तो वेगळा काढून 'य'कडे सोपवला आणि 'ब्यांक' लिहिले. जुन्या छापील मजकुरात 'ब्यारिस्टर'ही असाच भेटतो.

आज दादरच्या कोणत्याही घरात बॅग आणि बाग, हॉल आणि हाल, कॉल आणि काल हे वेगळे ऐकू येतात. ॲ आणि ऑ हे पाहुणे घरचे झाले आणि तळाशी तीन स्वर नांदू लागले. त्याबरोबर 'आ'चे कोरे रकाने भरावे लागले. 'आ' उच्चारताना मुखात काहीच बदलले नाही. त्याचे वर्णन मात्र वाढले.

कोऱ्या रकान्याचा एक धोका आहे. तो 'नंतर भरावयाचा' असतो, तिसरे मूल्य नव्हे. एक नियम पुढच्या स्वरांना लागू केला व 'आ'ला वगळले, दुसरा मागच्या स्वरांना लागू केला व पुन्हा 'आ'ला वगळले, तर कोरेपणालाच आपण नकळत लक्षण बनविले. रिचर्ड स्टॅन्ली ह्यांनी १९६७ साली ह्याच आक्षेपावर भर दिला. पुढे १९८४ साली डायना आर्कांजेली ह्यांनी आपल्या प्रबंधात रकाने गरज पडेपर्यंत कोरे ठेवण्याची पद्धती नव्याने मांडली. वाद अजून मिटलेला नाही.

आता फुलाकडे येऊ. संस्कृतात दिन आणि दीन हे दोन शब्द केवळ लांबीने वेगळे. तेथे लांबी व्यावर्तक आहे. घरच्या मराठी शब्दांत मात्र लांबी जागेवरून ठरते. अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात इ-उ लांबतात, आणि पुढे दीर्घ स्वर आला की आखडतात : मीठ, मिठाला, सून, सुनेला, फूल, फुलाला. एकाच जागी केवळ लांबीने वेगळे झालेले दोन अस्सल मराठी शब्द शोधू गेले तर सापडत नाहीत. परीक्षा घ्यावयाची असल्यास पाठ फिरवून सहज बोलण्याच्या ओघात 'शिर' आणि 'शीर' म्हणावे आणि ऐकणाराला लिहावयास सांगावे. आम्ही एकदा वर्गात हे केले, तेव्हा मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांपैकी कित्येकांचे गुण आम्ही पूर्वी ह्याच फरकासाठी कापले होते.

मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, उकार एकच आहे. लांबी शब्दातील जागा देते, आणि लेखन त्या जागेची नोंद करते. तिने लगेच मीठ, वीट, सून, कठीण लिहून दाखविले. मग पेन्सिल थांबली. "मग 'गुण'ला दुसरा उकार का नाही? आम्ही तर गूणच म्हणतो."

तेथे आमची पंचाईत झाली. साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या अकारान्त शब्दांत उपान्त्य इकार-उकार मुळाप्रमाणे ठेवले. म्हणून गुण, विष, मंदिर ह्रस्व आणि शरीर, समीप दीर्घ. मराठी कानाला त्यांतील भेद कळत नाही. शब्द कोठून आला हे ठाऊक असेल तरच लेखन जमते. हे आम्ही तिला समजावून सांगितले. तिने थोडा विचार करून वहीच्या कडेला 'गुण' लिहिला, त्याभोवती चौकट काढली आणि म्हणाली, "म्हणजे हा पाठच करायचा."