महापालिका कर्मचाऱ्यांसाठी धर्मसाक्षरता : एका दिवसाच्या कार्यशाळेची आखणी

महापालिकेचा धर्माशी संबंध येतो तो मुख्यतः प्रभाग कार्यालयाच्या खिडकीवर. अंत्यविधीचा पास, जन्माच्या अर्जातला धर्माचा रकाना, उत्सवाच्या मंडपाची परवानगी, उपवासाच्या दिवसांतली लसीकरण फेरी ही सगळी कामे लिपिक, स्वच्छता निरीक्षक, आरोग्य सेविका आणि स्मशानातले कर्मचारी करतात. त्यांच्यासाठी आखायच्या धर्मसाक्षरतेच्या कार्यशाळेत ‘धर्मांची ओळख’ करून देणारी व्याख्याने ठेवण्याची प्रथा आहे. एका तासात हिंदू धर्म, पुढच्या तासात इस्लाम, जेवणानंतर ख्रिस्ती आणि जैन. अशा दिवसातून कर्मचारी सणांची यादी घेऊन परततो आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर पूर्वीसारखाच अडतो.

हार्वर्ड विद्यापीठात असताना डायान मूर यांनी धर्मसाक्षरतेची जी मांडणी केली, तिच्यातले तीन मुद्दे इथे उपयोगी पडतात. कोणताही धर्म आतून एकसारखा नसतो, तो काळानुसार बदलतो आणि तो भोवतालच्या संस्कृतीत मिसळलेला असतो. यातला पहिला मुद्दा पक्का झाला तरी खिडकीवरच्या बऱ्याच चुका टळतील, कारण ‘अमुक धर्माचा, म्हणजे तमुक रीत’ या गृहीतकातून त्या होतात.

उद्दिष्टे त्यामुळे माहितीच्या भाषेत लिहिण्यापेक्षा कामाच्या भाषेत लिहावीत. ‘कर्मचाऱ्यांना विविध धर्मांचे ज्ञान व्हावे’ हे उद्दिष्ट कागदावर शोभते, पण पुरे झाले की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी दिवसाअखेर कर्मचाऱ्याला तीन गोष्टी जमायला हव्यात. आडनाव, पेहराव किंवा भाषेवरून अंदाज न बांधता त्याने नागरिकाला नेमका प्रश्न विचारावा. समोर आलेल्या मागणीत कायद्याने वा आरोग्याच्या कारणाने काय ठरलेले आहे, विधीला खरोखर काय लागते आणि मधली मोकळी जागा किती, हे त्याला वेगळे करता यावे. आणि कोणता निर्णय आपला नाही हे ओळखून त्याने तो लेखी वर पाठवावा. तिसरे उद्दिष्ट आखणीत बहुतेकदा सुटते. खरे तर कर्मचाऱ्याला सर्वाधिक संरक्षण तेच देते.

एका तुकडीत वीस-पंचवीस जण पुरेत, आणि ते वेगवेगळ्या खात्यांतले असावेत. धर्मगुरूंना व्याख्यानासाठी बोलावण्यापेक्षा दफनभूमीच्या ट्रस्टचा व्यवस्थापक, विद्युतदाहिनीवरचा कर्मचारी, अंत्यविधीचे सामान विकणारा दुकानदार अशी माणसे बोलवावीत. धर्मगुरू विधी कसा असायला हवा ते सांगतात. ही माणसे तो कसा होतो ते सांगतात. तारीख ठरवताना कॅलेंडर पाहावे. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख तशीच उचलता येत नाही. ज्या कार्यशाळेत दुपारच्या जेवणाला कांदा-लसणाशिवाय काहीच नसते आणि जैन कर्मचारी कोपऱ्यात फळे खात बसतो, तिने आपला विषय तिथेच गमावलेला असतो.

सकाळचा पहिला प्रसंग खरा घडलेला घ्यावा, कारण काल्पनिक प्रसंगावर ‘असे कुठे होते?’ म्हणून हात झटकता येतात. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की, कोविडने मृत्यू झालेल्यांचे दहनच करावे, मग धर्म कोणताही असो. गदारोळ झाला आणि त्याच दिवशी ते बदलून दफनाला वाव देण्यात आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्चच्या मार्गदर्शक सूचनांत दफनाला मनाई नव्हती. पुढे 9 एप्रिलच्या सुधारित परिपत्रकाने कोविड मृतांसाठी दफनभूमींची यादी ठरवून दिली. तिच्यातल्या वांद्र्याच्या दफनभूमींना काही रहिवाशांनी आव्हान दिले. 22 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. दफनातून विषाणू पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा संविधानाच्या कलम 21 खालच्या हक्काचा भाग मानला.

गटांना यातली तारीखवार हकिगत द्यायची आणि एकच काम सांगायचे : मंत्रालयाच्या सूचना वाचून तीन स्तंभ भरा. पहिल्या स्तंभात जे आरोग्यासाठी अटळ आहे ते येते. पार्थिवाला स्नान घालू नये, आलिंगन देऊ नये, गर्दी नको. दुसऱ्यात विधीच्या गरजा येतात. तिसऱ्यात मोकळी जागा, आणि इथे गट चकित होतात, कारण त्याच सूचनांत धर्मग्रंथाचे वाचन, पवित्र पाणी शिंपडणे अशा स्पर्श न करता होणाऱ्या विधींना परवानगी होती. मुस्लिम कुटुंबाला स्नानाऐवजी काय करता येईल, हा प्रश्न कुटुंबाला विचारला असता तर उत्तरही मिळाले असते : पाणी वापरणे शक्य नसेल तेव्हा कोरड्या शुद्धीची, म्हणजे तयम्मुमची, सोय इस्लामी परंपरेत आधीपासून आहे. परिपत्रक लिहिणाऱ्याला ती ठाऊक असायलाच हवी होती, असे नाही. त्याने विचारायला हवे होते.

दुसरा प्रसंग रचलेला असावा, पण रोजचा. संध्याकाळी सहाची वेळ, पास देणारी खिडकी. वृद्ध स्त्री घरी वारली आहे, मुलगा अर्ज घेऊन आला आहे. धर्म हिंदू. लिपिक सवयीने ‘दहन’समोर खूण करतो. मुलगा म्हणतो, “साहेब, आमच्यात पुरतात.” लिपिक म्हणतो, “हिंदूंत पुरत नाहीत. आणि ती जागा तुमची नाही.” कुटुंब लिंगायत आहे. लिंगायतांत दफनाची रीत आहे, आणि पार्थिव बहुधा बसलेल्या स्थितीत ठेवतात. महाराष्ट्रात नाथपंथी, गोसावी, महानुभाव अशा परंपरांतही पुरण्याची रीत आढळते. लहान मुलांना तर अनेक हिंदू घरांत पुरतात.

इथे गटाने नुसती चूक शोधून थांबू नये. लिपिकाने पुढे काय विचारायचे ते लिहून काढावे. विधी कसा करणार? बसवून ठेवायचे असेल तर खड्डा आडव्या कबरीपेक्षा वेगळा आणि खोल लागतो, म्हणजे खोदणाऱ्याला वेळ आधी कळायला हवी. किती वाजता निघणार? सोबत कुणी जंगम स्वामी येणार आहेत का, की विधीची सोय तिथेच व्हायला हवी? जागा कोणती, महापालिकेची की समाजाच्या ट्रस्टची? शेवटचा प्रश्न निर्णायक आहे. दोन्ही ठिकाणी पासची पद्धत वेगळी असते, आणि बहुतेक प्रभागांत या जागांची, त्यांच्या रखवालदारांच्या फोन नंबरांसह एकत्र यादी नसते. कार्यशाळेत ती यादी प्रत्यक्ष बनवून घ्यावी. दिवसभरात दुसरे काही साधले नाही तरी ती उपयोगी राहते.

मग गटाच्या हाती दुसरे कार्ड द्यावे : धाकटा मुलगा येतो आणि विद्युतदाहिनीच हवी म्हणतो. आता लिपिकाने कुणाची बाजू खरी लिंगायत, हे ठरवायचे नाही. कुटुंबाकडून एक सही केलेला अर्ज मागायचा, तोवर पार्थिव रुग्णालयाच्या शवागारात ठेवता येईल का ते पाहायचे आणि वाद मिटत नसेल तर वरिष्ठांना लेखी कळवायचे. याच कार्डावर बरेच गट घसरतात, कारण दुपारपर्यंत मिळालेल्या नव्या ज्ञानाने कर्मचाऱ्याला पंच होण्याचा मोह होतो.

तिसरा प्रसंग जोडीचा आहे. अर्ध्या गटांना गणेशोत्सवाच्या मंडपाचा अर्ज द्यायचा, अर्ध्यांना उरुसाचा. रस्त्याची रुंदी, मंडपाचे माप, जवळचे रुग्णालय, दिवस सगळे तेच, फक्त उत्सव वेगळा. प्रत्येकाने कोणत्या अटी घालाल ते लिहायचे आणि याद्या शेजारी लावायच्या. एका यादीत अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आहे आणि दुसरीत नाही, एकीकडे ‘पोलिसांचे मत घ्यावे’ ठळक आहे आणि दुसरीकडे गाळले आहे, असे फरक दिसले की व्याख्यान लागत नाही. नियम मात्र दोघांना सारखेच. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक चालत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. म्हणून या प्रसंगात ‘विधीला काय लागते’ या स्तंभात ध्वनिक्षेपक येत नाही. समजून घेणे म्हणजे सूट देणे नव्हे, हे कर्मचाऱ्यांना याच प्रसंगाने नीट कळते.

नावांचा छोटा सराव अर्ध्या तासात उरकतो. पाटील, देशमुख ही आडनावे मुस्लिमांतही आहेत, पेणकर आणि रोहेकर बेने इस्रायली ज्यू असू शकतात, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीची बोली चालते. जन्माच्या अर्जातला धर्माचा रकाना अंदाजाने भरणारा लिपिक सरकारी आकडेवारीच चुकवतो.

मूल्यमापनात ‘कार्यशाळा कशी वाटली?’ या प्रश्नाला फारसे वजन देऊ नये. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्यांत प्रतिक्रिया ही सर्वांत खालची पायरी आहे. तिच्यावर शिकणे, वागणे आणि परिणाम येतात. शिकणे तपासायला आठ-आठ छोट्या प्रसंगांचे दोन समान संच करावेत. अर्ध्या लोकांना सकाळी पहिला आणि संध्याकाळी दुसरा, उरलेल्यांना उलट, म्हणजे पाठ झालेले उत्तर मोजले जात नाही. प्रत्येक उत्तरासोबत ‘माहीत नाही, विचारेन’ हा पर्याय ठेवावा आणि योग्य ठिकाणी तो पूर्ण गुणांचा धरावा. कागदावर नाव नको. नाव असले की सगळे शहाणी उत्तरे लिहितात. स्वतःच्या ज्ञानाला गुण द्यायला सांगू नये, कारण चांगल्या कार्यशाळेनंतर माणसाला आपण किती कमी जाणत होतो ते कळते आणि गुण उतरतात.

वागणे दोन-तीन महिन्यांनी खिडकीवरच्या नोंदवहीतून कळते. अंत्यविधीच्या पाससाठी किती कुटुंबांना परत पाठवले, किती प्रकरणे कारण लिहून वर गेली, धर्माचा रकाना किती अर्जांत नंतर दुरुस्त करावा लागला, एवढे मोजावे. शक्य असेल तर ज्या प्रभागाची तुकडी अजून व्हायची आहे त्याच्याशी तुलना करावी. तक्रारींची संख्या मात्र जपून वाचावी : लेखी नोंद सुरू झाली की ती आधी वाढते. एका प्रभागातले आकडे लहान असतात, म्हणून त्यांवरून टक्केवारी काढण्यापेक्षा प्रत्येक प्रकरण वाचणे अधिक उपयोगाचे. ज्या प्रसंगात अर्ध्याहून जास्त लोक दोन्ही वेळा चुकले, त्याचे कार्ड पुढच्या तुकडीपूर्वी नव्याने लिहावे. अनेकदा दोष उत्तर देणाऱ्याचा नसतो, कार्डातच माहिती अपुरी असते.